‘नियमात बसते’ म्हणून गळ्यात मारलेली बॅट

साधारण 152 सेंटीमीटर उंचीच्या मुलासाठी घेतलेली ही बॅट. पात्यावर ‘6’ नंबरचं स्टिकर, लांबी 84 सेंटीमीटर, म्हणजे सहा नंबरला शोभेल इतकीच. पहिल्याच सरावात मुलगा पुल शॉटला उशिरा पोहोचायला लागला आणि खालचा हात जास्तच ओढू लागला. वजन केलं तर 1190 ग्रॅम. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: “सगळी मापं नियमात आहेत.”

ते खरंच आहे, आणि फसवणूक तिथेच आहे. क्रिकेटचा नियम फक्त कमाल मर्यादा सांगतो: लांबी 96.52 सेंटीमीटर, रुंदी 10.8, जाडी 6.7 आणि कड 4 सेंटीमीटर. वजनाला मर्यादाच नाही. पाच नंबर, सहा नंबर ही मापं नियमाची नाहीत, बनवणाऱ्यांची आहेत. त्यामुळे मोठ्यांची बॅटही ‘नियमात’ बसते, पण मुलाच्या हातात बसत नाही. सहा नंबरची बॅट साधारण हजार ग्रॅमच्या आसपास असते. दीड-दोनशे ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण मनगटाला तो लगेच कळतो.

ही बॅट मुळात मोठ्यांची होती, मूठ वरून कापलेली. ग्रिप वरच्या टोकापासून दोन बोटं खाली गुंडाळली की कळतं. कारखान्यातून आलेल्या मुठीवर दोऱ्याचं वेटोळं वरपर्यंत नीट संपवलेलं असतं. इथे दोरा मधेच तुटलेला, वर गोंदाचा थर आणि वेताच्या पट्ट्यांवर ताजी करवत. पात्याची रुंदीही जवळपास 10.8 भरली. लहान मापाचं पातं अरुंद असतं, म्हणून मूठ आखूड आणि पातं पूर्ण रुंद दिसलं तर समजून जा. काही जण मुठीऐवजी टो, म्हणजे पात्याचं खालचं टोक, कापतात. मग स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू सगळ्यात चांगला लागतो ती जागा, तळाच्या जवळ येतो आणि टोची गोलाई जाऊन ती सपाट दिसते. खात्री हवी असेल तर त्याच नंबरची दुसरी बॅट शेजारी उभी करा.

‘कड पूर्ण 40 मिलिमीटर’ हेही विकण्याचं वाक्य. त्या कडेचं लाकूड मुलालाच उचलायचं असतं, आणि कड गेजच्या, म्हणजे पंचांच्या मापाच्या साच्याच्या, बाहेर गेली तर बॅट त्यातून जात नाही.

घेताना टेप आणि छोटा वजनकाटा सोबत ठेवा. बॅट वरच्या हाताने एकट्याने समोर सरळ धरायला लावा. टोक खाली झुकत असेल तर नको म्हणा.

चेंडूतही हाच खेळ चालतो. 2017 च्या नियमावलीत 13 वर्षांखालील मुलांचा चेंडू 133 ते 144 ग्रॅम आणि घेर 20.5 ते 22 सेंटीमीटर आहे. पुरुषांचा 155.9 ते 163 ग्रॅम. ‘ज्युनियर’ छापलेला चेंडू काट्यावर 157 दाखवत असेल तर तो तिथेच परत करा. वजन नव्या, कोरड्या चेंडूचंच करा. ओल्या मैदानावर खेळून झालेला चेंडू पाणी पितो, मग वाद घालायला जागा उरत नाही.