लाकडी पेटी, काचेची बरणी की जुनी बाटली: जागा कमी असेल तर काय ठेवायचं, काय द्यायचं

फोटोत तिन्ही गोष्टी सारख्याच गोड दिसतात. फळांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या, त्यात जॅमच्या बरण्या आणि कडेला हिरव्या बाटलीत मनी प्लांट. पण वन बीएचकेमध्ये, त्यातही मुंबई, ठाणे किंवा कोकणातला पावसाळा ज्या घरात शिरतो तिथे या तिन्हींचं वागणं अगदी वेगळं असतं. म्हणून हे सगळं दिसण्यावरून न बघता दोन प्रश्नांवरून बघूया, ओल आली की हिचं काय होतं आणि ही आतून नीट धुता-वाळवता येते का. माझं मत आधीच सांगून टाकते, एकच गोष्ट जमवायची असेल तर बरण्या जमवा, कोरडी भिंत असेल तर मग पेट्या, आणि बाटल्या मोजक्याच ठेवा.

बरणीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे रुंद तोंड. हात किंवा निदान घासणी आत जाते, पालथी ठेवली की पाणी निथळतं, उन्हात तासाभरात कोरडी होते. काच स्वतः वास धरत नाही, त्यामुळे सॉसच्या बरणीला वास राहिला असं वाटतं तेव्हा तो बहुतेक वेळा झाकणात असतो. जॅम-सॉसच्या बरणीचं पत्र्याचं झाकण असतं ना, पाव फेरा फिरवला की बसणारं, त्याच्या आत कडेने रबरासारखं अस्तर असतं, वास तिथे मुरतो आणि हवाही तिथूनच शिरते. म्हणजे बरणी चांगली की वाईट हे ठरवायचं असेल तर काच बघून उपयोग नाही, झाकण बघायचं. बरणीत पाणी भरा, झाकण लावा, कोरड्या कागदावर रात्रभर पालथी ठेवा. सकाळी कागद ओला झाला असेल तर त्या बरणीत रवा, पापड, मसाले यातलं काहीच जुलैमध्ये टिकणार नाही, तिच्यात बटणं नाहीतर रबरबँड ठेवा. अस्तराला चिरा गेल्या असतील किंवा गंजाचा एक जरी ठिपका दिसला तरी ते झाकण संपलं. नुसती नवी झाकणं विकत मिळतात, बरणीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्यायचा, जॅमच्या बऱ्याच बरण्यांना 63 मिलिमीटरचं झाकण बसतं.

आता बरणीच्या मर्यादा. लोणचं पत्र्याच्या झाकणाखाली ठेवू नका, मीठ आणि आंबट रस मिळून झाकण आतून खातात आणि तो गंज वरच्या खारात पडतो. लोणच्याला चिनीमातीचीच बरणी, किंवा प्लास्टिकचं झाकण असलेली काचेची. दुसरं, ही साधी काच असते, ओव्हनमध्ये जाणारी नाही, त्यामुळे थंड बरणीत उकळता पाक किंवा गरम तूप ओतलं की तळ गोल तडकून वेगळाच होतो. उकळून निर्जंतुक करायची असेल तर बरणी गार पाण्यातच ठेवून मग गॅस लावा आणि काढल्यावर ओल्या ओट्यावर टेकवू नका, खाली फडकं घाला. तिसरं, हळद-तिखट पारदर्शक बरणीत खिडकीसमोर ठेवलं तर रंग उडतो, वासही जातो, मसाले कपाटाच्या आत आणि डाळी-कडधान्यं बाहेर असं करा, दिसायलाही डाळीच जास्त छान दिसतात. लेबल काढायला कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचं, मग जो चिकट थर उरतो त्यावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा समान घेऊन लावायचा, अर्ध्या तासाने घासणीने चोळलं की जातो. सुरीने खरवडलं की काचेवर ओरखडे पडतात आणि गोंद तसाच राहतो.

पेटीचं गणित वेगळं. आंबा आता बहुतेक पुठ्ठ्याच्या बॉक्समधून येतो, त्यामुळे लाकडी पेटी हवी असेल तर मार्केट यार्डात फळवाल्यांकडे विचारावं लागतं, सफरचंदाच्या लाकडी पेट्या तिथे मिळतात, हलक्या लाकडाच्या, पातळ फळ्यांच्या, आत कधीकधी गवतसुद्धा तसंच असतं. त्या एका प्रवासापुरत्या बनवलेल्या असतात हे डोक्यात ठेवा. त्याहून दणकट हव्या असतील तर एमआयडीसीच्या बाजूला भंगारवाल्यांकडे पाइनवुडचे क्रेट आणि पॅलेट असतात. परदेशी मालाच्या पॅकिंगवर एक चौकोनी शिक्का असतो, गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि बाजूला इंग्रजी अक्षरं. त्यात एचटी असेल तर ते लाकूड फक्त तापवून कीडमुक्त केलंय, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. आणि शिक्का कुठलाही असो, फळीवर तेलाचे किंवा केमिकलचे डाग असले तर सोडून द्या, ते घासून जात नाहीत.

घरी आणायच्या आधी कीड बघायची, ही पायरी लोक गाळतात आणि मग पलंगाच्या फळीत भोकं दिसायला लागतात. फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं शोधा. भोकं असणं म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही, म्हणून पेटी झटकून साफ करा, खाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर गॅलरीत किंवा जिन्यात तशीच ठेवा. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पुन्हा पडला तर आत किडा खातोय, अशी पेटी परत करा, औषध मारत बसू नका. कागद स्वच्छ राहिला तर पुढचं काम, वर आलेले खिळे ठोकणे किंवा उपटणे, आधी 80 नंबरचा आणि मग 150 नंबरचा सँडपेपर मारणे, दोनतीन कडक उन्हं देणे. मग वॉर्निशचे दोन हात, आणि फळीची जी कापलेली टोकं असतात तिथे तिसरा, कारण लाकूड पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितं आणि बुरशीही तिथूनच सुरू होते. हे सगळं उन्हाळ्यात करायचं काम आहे, पावसाळ्यात आणलेली पेटी आतून ओली असते, वर वॉर्निश मारलं की ओल आतच अडकते.

कांदे-बटाट्यांसाठी मात्र वॉर्निश नकोच. फटी असलेली कोरी पेटी, खाली दोन विटा, हवा चारी बाजूंनी खेळते, या एका कामात बरणी आणि बाटली पेटीच्या जवळपासही येत नाहीत. कांदे एका पेटीत आणि बटाटे दुसऱ्या, एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब येतात.

बऱ्याच जणांना पेटी भिंतीवर लावून त्यात बरण्या मांडायच्या असतात, तर त्याचं वजन एकदा मोजून बघूया. अर्ध्या लिटरची रिकामी बरणी पाव किलोच्या आसपास भरते, त्यात साधारण चारशे ग्रॅम डाळ बसते, म्हणजे एक बरणी साडेसहाशे ग्रॅम. अशा बारा बरण्या झाल्या पावणेआठ किलो, पेटी स्वतः दोन किलो धरा, म्हणजे भिंतीवर दहा किलोच्या आसपास भार येतो. फळांच्या पेटीची तळाची फळी बारीक खिळ्यांवर लटकलेली असते, ती एवढं वजन रोज पेलायला बनवलेलीच नाही, मधोमध खाली झुकते आणि एक दिवस खिळ्यासकट सुटते. म्हणून आत तळाला मापाचा प्लायचा तुकडा टाका आणि तो बाजूच्या जाड फळ्यांना स्क्रूने धरा. भिंतीला लावताना पाठीच्या पातळ फळीतून स्क्रू मारायचा नाही, चार कोपऱ्यांच्या जाड पट्ट्यांमधूनच, भिंतीत ड्रिल करून गिट्टी ठोकून. नुसत्या खिळ्याने प्लास्टरच सुटून येतं. भाड्याचं घर असेल आणि घरमालक ड्रिल करू देत नसेल तर पेट्या जमिनीवरच रचा, दोनच मजले, एकमेकींना नटबोल्टने बांधून, जड बरण्या खालच्या पेटीत. लहान मूल घरात असेल तर तेही नको, मूल फळी धरून उभं राहतं. आणि ज्या भिंतीला पावसात पोपडे येतात तिला पेटी टेकवायची नाही, चार बोटं अंतर सोडा आणि महिन्यातून एकदा मागे हात फिरवून बघा, मातीची बारीक रेघ लागली तर ती वाळवी, पेटी लगेच बाहेर काढा.

राहिल्या बाटल्या, आणि इथे मी जरा कडक आहे. अरुंद मान ही दिसायला सुंदर आणि वापरायला कटकट. आतलं तेल धुवायला मूठभर तांदूळ, साबण आणि कोमट पाणी घालून जोरात हलवायचं, निघतं बऱ्यापैकी, पण वाळत नाही, दिवसभर उन्हात पालथी ठेवली तरी खांद्याला आतून वाफ दिसते. सुती कापडाची लांब पट्टी आत सोडून ठेवली की ती ओल शोषून घेते. एवढं करूनही कोरडा जिन्नस बाटलीत ठेवू नका. पातळ पदार्थाला मात्र ती बरणीपेक्षा सरस आहे, कोकमाचं आगळ हे त्याचं चांगलं उदाहरण, ते इतकं खारट आणि आंबट असतं की पत्र्याचं झाकण टिकत नाही, काचेची बाटली आणि घट्ट प्लास्टिकचं बूच हेच त्याला बरं. काकवीला नको, घट्ट काकवी त्या मानेतून उतरता उतरत नाही. फिनेल, ॲसिड, औषधांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी खाण्यापिण्याच्या कामाला कधीच घेऊ नका, आणि शोभेसाठी ठेवली तरी स्वयंपाकघरात नको, कोणीतरी एक दिवस त्यात पाणी भरतंच.

शोभेसाठी म्हणाल तर मनी प्लांट उत्तम, पण हिरवी किंवा तपकिरी बाटली घ्या, पारदर्शक बाटलीत उजेड मुळांपर्यंत जातो आणि आत शेवाळं धरतं जे त्या मानेतून घासताच येत नाही. पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला, डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात, त्यामुळे "पाणी कमी झालं की वर घालू" हे चालत नाही. दोरा रॉकेलमध्ये बुडवून पेटवून बाटली कापायची जी युक्ती फिरत असते ती घरात करू नका, चीर सरळ जाईलच याची खात्री नसते, काच उडते, आणि कापलेली कड पाण्यासोबत पॉलिश पेपरवर कितीही घासली तरी तो ग्लास ओठाला लावायच्या लायकीचा होत नाही.

म्हणून घरात दोनचार रंगीत बाटल्या ठेवा, एकदोन आगळासाठी, बाकीच्या भंगारवाल्याला द्या. बिअरच्या अख्ख्या बाटल्या तो नगावर घेतो, कारण त्या धुऊन परत भरल्या जातात, त्यामुळे त्या न फुटता, न कापता, न रंगवताच त्याच्याकडे गेलेल्या बऱ्या.