दाणा बारा मिलिमीटरचा, तंतू अर्ध्या मिलिमीटरचाही नाही: मी कसा फसलो

आधीच सांगतो, मी या धंद्यात नवखा नाही. ग्लास, म्हणजे काचेचे तंतू, भरलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक मोल्ड करण्यात माझी वर्षं गेली आहेत. म्हणूनच हे लिहायला लाज वाटते आणि म्हणूनच लिहितोय.

माल होता २,४०० किलो. 'लाँग फायबर' ग्रेड, ३० टक्के ग्लास, दाणा १२ मिलिमीटर. भाव साध्या शॉर्ट फायबरच्या पावणेदोन पट, त्यातले ७० टक्के आगाऊ. नमुन्याची २५ किलोची गोणी आधी आली आणि ती अस्सल होती. त्यातून काढलेलं ब्रॅकेट दीड मीटरवरून सहा वेळा पाडलं. चीर गेली, पण दोन तुकडे झाले नाहीत. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नमुन्याला एक, मालाला दुसरं. हा डाव मला माहीत नव्हता असं नाही. पण मालासोबत सर्टिफिकेट होतं आणि त्यातले चारही आकडे बरोबर होते. अजून बरोबरच आहेत, दुखणं तेच आहे.

प्लास्टिक जाळून उरणारी राख, म्हणजे ग्लास, ३० टक्के. घनता १.१२. मेल्ट फ्लो, म्हणजे वितळल्यावर वाहण्याचा वेग, दिलेल्या मर्यादेत. फ्लेक्सुरल मॉड्युलस, म्हणजे वाकण्यातला कडकपणा, नमुन्याइतकाच. या चारपैकी एकही आकडा तंतू किती लांब आहे ते सांगत नाही. ग्लास किती आहे, वजन किती आहे, वाकायला किती कडक आहे, एवढंच कळतं. कडकपणा तर तंतू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असला तरी जवळजवळ पुरा मिळतो. मजबुतीला त्याहून लांब तंतू लागतो आणि आपटून न फुटण्याला त्याहूनही लांब. म्हणजे सर्टिफिकेटवर नेमके तेच आकडे होते ज्यांत चोरी दिसत नाही. सर्टिफिकेटवर इम्पॅक्टचा, म्हणजे आपटण्याच्या चाचणीचा आकडा नसेल तर माल उतरवून घेऊ नका, मागाहून 'पाठवतो' म्हणाले तरी नाही.

आता तो क्षण. रात्री झोपताना अजून आठवतो.

गाडी लागली, पहिली गोणी फोडली. मी सवयीने दोन दाणे उचलले आणि पकडीत धरून एक दाबला. अस्सल लाँग फायबरचा दाणा कसा बनतो? ग्लासची अखंड दोरी वितळलेल्या प्लास्टिकमधून ओढायची, गार करायची आणि कापायची. म्हणून त्यातला प्रत्येक तंतू दाण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. असा दाणा पकडीत चिरडला की उभा फाटतो आणि कुंच्यासारखे केस बाहेर येतात. माझ्या पकडीतला दाणा आडवा तुटला. कट्. दोन तुकडे, तोंड सपाट, एक केस बाहेर नाही. मी तो तुकडा उजेडात धरून पाहिला. पाहिला! सोबत आलेल्या विक्रेत्याच्या हातात दिला आणि विचारलं, हा असा कसा? तो हसून म्हणाला, "साहेब, प्लास्टिक आतपर्यंत मुरलंय, म्हणून फाटत नाही. नमुन्यापेक्षा सुधारलेली बॅच आहे." आणि मी मान डोलावली. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर होती, मशीन रिकामं उभं होतं, सर्टिफिकेट हातात होतं. कुणीही मान डोलावली असती, असं मी स्वतःला सांगतो.

खरं काय होतं? साधा शॉर्ट फायबरचा माल. एक्स्ट्रूडरच्या स्क्रूमध्ये ग्लासचा चुरा झालेला, फक्त बाहेर येणारी दोरी तीनऐवजी बारा मिलिमीटरवर कापलेली. दाण्याची लांबी ही कटरची लांबी असते, तंतूची नव्हे. हे वाक्य मी आता गोडाऊनच्या दारावर लिहून ठेवलंय.

मोल्डिंगला माल इतका सुरेख वाहिला की मी खूश. पृष्ठभाग नमुन्यापेक्षा गुळगुळीत आला, त्यावरही खूश! लांब तंतू वाहायला अडतो आणि पृष्ठभागावर उमटतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी ऑपरेटरची पाठ थोपटली.

१,१५० किलो वापरून ३,६०० ब्रॅकेट गेली आणि तिसऱ्या आठवड्यात परत यायला लागली. सगळी सारखीच मोडलेली: एका फटक्यात, स्वच्छ, खडू मोडावा तशी. जपून ठेवलेलं नमुन्याचं ब्रॅकेट मी मुद्दाम हातोड्याने फोडलं. त्याचं तुटलेलं तोंड केसाळ निघालं आणि दोन्ही भाग बिजागरीसारखे एकमेकांना धरून राहिले.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण विक्रेत्याने मला याच मुद्द्यावर दुसऱ्यांदा गंडवलं. प्लास्टिकमधल्या तंतूला टोकाला धरून कुणी ओढत नाही. भार त्याच्या अंगावरून शिरतो. प्लास्टिक ताणलं जातं, तंतूच्या पृष्ठभागाला घासून ओढतं, आणि टोकापासून आत जावं तसा तंतूतला ताण वाढत जातो. वाळूत पुरलेली दोरी आठवा. थोडीशीच पुरली असेल तर सरकून बाहेर येते. खोल पुरली असेल तर तुटेल पण येणार नाही. ज्या लांबीला मधोमध ताण बरोबर तुटण्याइतका होतो ती क्रिटिकल लेंथ. केली आणि टायसन यांनी १९६५ साली मांडलेला हिशेब एका ओळीचा आहे:

```
lc = σf × d / (2 × τ)
```

`σf` म्हणजे तंतूची ताकद, `d` त्याची जाडी, `τ` म्हणजे प्लास्टिक आणि ग्लास यांच्यामधल्या सांध्याची शिअर ताकद. ग्लासला २,००० मेगापास्कल धरा, जाडी १६ मायक्रॉन. मॅलेइक अॅनहायड्राइडचं कपलिंग, म्हणजे प्लास्टिक ग्लासला चिकटवणारं रसायन, नीट घातलं असेल तर सांध्याला १६ मेगापास्कल धरायला हरकत नाही. क्रिटिकल लेंथ येते १ मिलिमीटर. कपलिंग नसेल तर सांधा चारच्या आसपास, आणि क्रिटिकल लेंथ ४ मिलिमीटर.

मोडलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला तर तंतू नागवे, त्यांच्यावर प्लास्टिकचा कण नाही, शेजारी गुळगुळीत भोकं. म्हणजे कपलिंगही खाल्लेलं. फोटो घेऊन गेलो तर विक्रेता काय म्हणावा? "अहो, हे पुल-आउट आहे! तंतू तुटत नाही, उपसला जातो, त्यात ऊर्जा खर्च होते. आम्ही सांधा मुद्दाम सैल ठेवतो, टफनेससाठी." आणि मी आणखी चार दिवस गप्प बसलो, कारण यातला अर्धा भाग खरा आहे.

तो अर्धा भाग असा. भेग उघडताना तंतू भोकातून घासत बाहेर येतो आणि त्या घासण्यात ऊर्जा जिरते. जितकी लांबी अडकलेली तितका जोर जास्त, आणि तितकंच अंतरही जास्त. म्हणून ही ऊर्जा लांबीच्या वर्गाने वाढते. क्रिटिकल लेंथला ती सर्वात जास्त असते. त्यापुढे बरेच तंतू उपसण्याऐवजी तुटतात आणि ती पुन्हा उतरते. सैल सांध्याने क्रिटिकल लेंथ वाढते, म्हणून खरोखर लांब तंतू असतील तर सैल सांधा आपटण्याला फायद्याचाही ठरू शकतो. मजबुती मात्र जाते.

पण तंतू लांब असतील तर! मग मी पैसे भरून लांबी मोजून घेतली. माझ्या मालात सरासरी ०.४ मिलिमीटर, नमुन्याच्या ब्रॅकेटमध्ये ३. आता मांडा हिशेब, सगळे तंतू एका दिशेत आहेत, नमुन्यात कपलिंग आहे आणि माझ्या मालात नाही, असं सोयीसाठी धरून. ३० टक्के वजन म्हणजे आकारमानाने साधारण १३ टक्के ग्लास. नमुन्यात उपसण्याची ऊर्जा येते चौरस मीटरला सुमारे ७ किलोजूल. माझ्या मालात ०.९. तंतूवर सरासरी ताण नमुन्यात सुमारे १,६७० मेगापास्कल, माझ्या मालात १००. दोन हजार पेलणाऱ्या ग्लासकडून शंभराचं काम. क्रिटिकल लेंथ ४ आणि तंतू तिच्या दहाव्या हिश्शाचा. उपसला जाणारच, पण उपसायला भोकात होतं काय? पुल-आउटचा फोटो कुणी दाखवला तर आधी बाहेर आलेली लांबी मोजा.

मग त्याचं शेवटचं अस्त्र: "तुमच्याच स्क्रूने तुकडे केले." हेही घडू शकतं. बॅकप्रेशर जास्त असलं, गेट, म्हणजे साच्यात माल शिरायचं तोंड, अरुंद असलं तर लांब तंतूचा चुरा होतो. म्हणून जाळायचा तो दाणा, ब्रॅकेट नव्हे. मी न उघडलेल्या गोणीतले दाणे ६०० अंशांच्या भट्टीत ठेवले. नमुन्याच्या दाण्यातून बारा मिलिमीटरची पांढरी जुडी उरली, चिमट्याने उचलता येणारी. मालाच्या दाण्यातून उरली पिठी. फुंकर मारली, उडाली.

हे सगळं घेऊन मी दारोदार हिंडलो. सर्टिफिकेट देणारी लॅब म्हणाली, राखेचं वजन विचारलं होतं, ते दिलं. राख कशी दिसते हे लिहायची पद्धत नाही. म्हणजे मुशीतली पिठी त्यांनी पाहिली होती! व्यापारी संघटनेने सतरा पानांचा अर्ज भरून घेतला आणि सहा आठवड्यांनी कळवलं की ऑर्डरमध्ये 'दाणा १२ मिमी' लिहिलंय, दाणा १२ मिमी आहे, सबब तक्रार निकाली. तीन ओळींचं पत्र, त्यात माझं नाव चुकलेलं. पोलिसांत गेलो तर अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "ग्लास ३० टक्के म्हणाला होता, ३० टक्केच निघाली. मग फसवलं कसं?" मी त्यांच्या टेबलावर दोन्ही दाणे पकडीने दाबून दाखवले. एकाचे केस निघाले, दुसरा कट्कन तुटला. ते म्हणाले, "दोन्ही तुटलेच की." पुढच्या तारखेला ते बदलून गेले होते आणि नव्या साहेबांनी पहिल्यापासून सांगायला लावलं. क्रिटिकल लेंथपासून! वकील म्हणतात, करारात तंतूची लांबी कुठे आहे? नाही. कुणी लिहितं का? लिहा. आणि कोणती सरासरी तेही लिहा, कारण लांबीला वजन देऊन काढलेली सरासरी साध्या सरासरीपेक्षा फुगलेली दिसते.

उरलेला १,२५० किलो माल आता आतल्या झाकणांना वापरतोय, जिथे फक्त कडकपणा लागतो. ३,६०० ब्रॅकेट पदरच्या खर्चाने बदलून देतोय. आजपर्यंत २,१४० झाली.

परवा त्याच माणसाचा मेसेज आला, नव्या कंपनीच्या नावाने. नवी ग्रेड, खास सवलत, दाणा पंधरा मिलिमीटर. तंतू किती लांब ते त्याने लिहिलेलं नाही.