कॉन्टूर क्रीमचा, हायलाइटर पावडरचा: बडोद्यात सात महिने वापरल्यानंतर

ऑगस्टमध्ये मंगळबाजारातून मी क्रीम कॉन्टूरची स्टिक आणि एक पावडर पॅलेट घेतलं. पॅलेटमध्ये एक कॉन्टूर आणि दोन हायलाइटर होते, एक मोतिया आणि एक सोनेरी. क्रीम हायलाइटरची छोटी डबी नंतर घेतली. आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात पावसाळ्याचा दमटपणा, नवरात्रीच्या नऊ रात्री आणि जानेवारीचा कोरडेपणा, तिन्हीत या गोष्टी वापरून झाल्या.

माझा रंग गव्हाळपेक्षा सावळा, आणि त्याला पिवळट-हिरवट झाक आहे. गुलाबी झाक अजिबात नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं या रंगासाठी आहे.

आधी शेडबद्दल, कारण पहिले पैसे तिथेच वाया गेले. आधीच्या वर्षी मी एक स्टिक दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हाताच्या पाठीवर लावून घेतली होती. रोज स्कूटर चालवल्यामुळे माझे हात चेहऱ्यापेक्षा चांगलेच काळवंडलेत. हातावर शोभणारी ती शेड गालावर विटकरी पट्टा होऊन बसली. दुसऱ्यांदा राखाडीकडे झुकणारी घेतली, कारण सगळीकडे हेच सांगतात की सावली थंड रंगाची असते, म्हणून कॉन्टूरही थंड रंगाचा हवा. गोऱ्या त्वचेवर ते खरं आहे. पण त्या शेड बनवताना पांढरं रंगद्रव्य बरंच घातलेलं असतं, आणि सावळ्या गालावर ते पांढरं वर तरंगतं. गालाला राख लागल्यासारखं दिसतं.

मग मला हवा तो रंग कुठला, तर जायफळाचा. तपकिरी, पण त्यात ना विटेचा लाल, ना राखेचा करडा. खोलीने तो चेहऱ्यापेक्षा दोन शेड गडद असावा. तीन-चार शेड गडद घेतला तर कितीही ब्लेंड केलं तरी कड दिसत राहते. यावेळी मी टेस्टर कानाखाली जबड्यावर लावला, बोटाने पसरवला आणि दुकानाबाहेर उजेडात जाऊन आरसा हातभर लांब धरून पाहिलं. तेवढ्या अंतरावरून रंग दिसला तर शेड चुकली. गाल तिथे थोडा आत गेल्यासारखा वाटला तर बरोबर. तिसऱ्या टेस्टरला जमलं.

आता जागा. यात मला सगळ्यात जास्त दिवस लागले, आणि यावर आपल्या रंगाच्या बायकांसाठी फार कमी बोललं जातं. नेहमीची पद्धत अशी की कपाळाच्या कडेपासून सुरुवात करायची, गालाच्या हाडाखाली यायचं आणि मग जबड्याखाली जायचं. पण माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजू, कानशिलं आणि ओठांचे कोपरे मुळातच गालापेक्षा गडद आहेत. आपल्याकडे कितीतरी जणींचं असं असतं. तिथे अजून तपकिरी लावलं की चेहरा रेखीव दिसण्याऐवजी मळका दिसतो. मी महिनाभर स्टिकला दोष देत होते. शेवटी एकदा माझ्या वहिनीने मेकअप न केलेला माझा चेहरा खिडकीपाशी नीट पाहिला आणि म्हणाली, "अगं, इथे तुझी सावली देवानेच काढून ठेवलीय, तू पुन्हा कशाला काढतेस?" त्या दिवसापासून कपाळ बंद. उलट फाउंडेशनही कानशिलांपर्यंत ओढत नाही, हाडाच्या कडेपाशीच विरवते. तिथला स्वतःचा गडदपणा कॉन्टूरचं काम करतो.

गालावर मी कानाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने जाते, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली आल्यावर थांबते. त्यापुढे गेलं की चेहरा आजारी, ओढलेला दिसतो. दुसरं म्हणजे, गाल आत ओढल्यावर जो खळगा दिसतो त्यात मी लावत नाही. त्याच्या बोटभर वर, हाडाच्या खालच्या कडेला लावते. ब्लेंड करताना रंग थोडा खाली उतरतोच, म्हणून सुरुवात वरून हवी. तीन ठिपके पुरतात. ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने वरच्या दिशेने थापायचं, घासायचं नाही.

स्टिक थेट गालावर फिरवली की खालचं फाउंडेशन उचललं जातं. मी ती हाताच्या पाठीवर घासते, बोटाने जरा गरम करते आणि ब्रशवर घेऊन लावते. आणि क्रीम नेहमी पावडरच्या आधी. एकदा ऑफिसमधून निघताना घाईत पावडर लावलेल्या गालावर स्टिक फिरवली होती. लगेच बारीक गोळे झाले आणि तो गाल पूर्ण पुसून पुन्हा करावा लागला.

नवरात्रीच्या दुसऱ्या रात्री मी मुद्दाम अर्धा चेहरा क्रीमचा आणि अर्धा पावडरचा केला. डावीकडे क्रीम कॉन्टूर आणि क्रीम हायलाइटर, वर लूज पावडरचा हलका हात. उजवीकडे फाउंडेशन, लूज पावडर आणि त्यावर पॅलेटमधलं दोन्ही. साडेआठला मेकअप झाला, साडेनऊला मैदानात पोहोचलो. घरून निघताना दोन्ही बाजू इतक्या सारख्या होत्या की भाचीला कुठली कुठली ते ओळखता आलं नाही.

आरतीच्या वेळी पहिल्यांदा आरसा काढला. उजवीकडे कानशिलावरून घामाचा एक ओघळ कॉन्टूरवरून थेट खाली आला होता आणि त्याने मधोमध फिकट रेघ पाडली होती. रेघेच्या दोन्ही बाजूंची पावडर घाम आणि तेल पिऊन आधीपेक्षा गडद झाली होती. सुकी माती भिजली की गडद दिसते, तसंच हे. डावीकडचा क्रीम कॉन्टूर एकूण फिका पडला होता, पण सगळीकडे सारखाच. कड, डाग काही नव्हतं.

हायलाइटरचं मात्र उलटं झालं. डाव्या गालावरचा क्रीम हायलाइटर घामावर घसरला होता आणि जाताना हाडावरचं फाउंडेशनही घेऊन गेला होता. रुपयाएवढी उघडी जागा तिथे दिसत होती. उजवीकडचा पावडर हायलाइटर जागच्या जागी होता. हाडाच्या अगदी वर घाम साचत नाही, तो खाली निथळतो, हेही एक कारण असावं. तिसऱ्या रात्रीपासून मी कॉन्टूर क्रीमचा, त्यावर लूज पावडर आणि सगळ्यात शेवटी हायलाइटर पावडरचा, हा क्रम ठरवला आणि नवमीपर्यंत मोडला नाही. नाकावर आणि कपाळावर हायलाइटर लावायचा सोडला. दुसरा फेरा होईपर्यंत नाक आपणहून चमकायला लागतं.

आता त्या दोन हायलाइटरबद्दल. मोतिया शेड डबीत फार सुंदर दिसते. माझ्या गालावर ती पांढरी रेघ आहे. हायलाइटरची चमक येते अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांमुळे. मोतिया शेडमध्ये त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो, जे पांढरं रंगद्रव्य म्हणूनही वापरतात. सोनेरीत त्याबरोबर लोहाचे ऑक्साइड असतात, म्हणून तिची झाक उबदार येते. ओळखायची खूण सोपी आहे. हायलाइटर लावून आरशासमोर मान हळूहळू फिरवायची. चमक आली आणि गेली पाहिजे. चमक गेल्यावरही तिथे फिकट पट्टा उरत असेल, तर तो हायलाइटर आपल्या रंगाला पांढरा पडतोय. सोनेरी शेड माझ्यावर या परीक्षेत पास झाली. भाची माझ्याहून सावळी आहे, तिच्यावर तीच शेड धुळीसारखी दिसली. "मावशी, पीठ सांडल्यासारखं दिसतंय," म्हणाली, आणि खरंच दिसत होतं. तिला तांबूस, तांब्याच्या भांड्याच्या रंगाची शेड घेतली. तिच्या गालावर ती इतकी छान उठते की माझ्याच नजरेला सवय व्हायला वेळ लागला.

जागेचं म्हणाल तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या खालून कानशिलाकडे, फक्त हाडावर. नाकाजवळची दोन बोटं जागा मी सोडते, कारण तिथली रंध्रं मोठी आहेत आणि चमक ती एकेक करून दाखवते. माझ्या डाव्या गालावर मुरमाचा एक जुना खड्डा आहे. हायलाइटर त्याच्या पलीकडून सुरू करते.

डिसेंबर-जानेवारीत सगळं फिरलं. त्वचा कोरडी पडली की पावडर हायलाइटर गालावरच्या लवेवर आणि सुटलेल्या पापुद्र्यांवर बसतो, जवळून पाहिलं तर भुरभुर दिसते. तेव्हा क्रीमची डबी कामाला आली. अनामिकेच्या टोकावर मसुराच्या दाण्याएवढं क्रीम घेऊन थापलं आणि त्या जागेवर पावडर लावलीच नाही, की दिवसभर मऊ चमक राहिली. म्हणजे ही डबी बडोद्यात फार तर अडीच महिन्यांची. फेब्रुवारीच्या मध्यावर ती पुन्हा कपाटात गेली.

टिकण्याबद्दल दोन तक्रारी. ऑक्टोबरमध्ये स्टिक दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिली. वितळून पुन्हा घट्ट झाली, पण वर तेलाचे थेंब आणि आत रव्यासारखे दाणे. वरचा अर्धा सेंटिमीटर कापून टाकावा लागला, तेव्हा खालचा चांगला भाग लागला. पॅलेटमधल्या कॉन्टूरवर फेब्रुवारीत गुळगुळीत, चकाकणारा थर आला आणि ब्रशला रंगच येईना. चेहऱ्याचं तेल ब्रशवरून पावडरवर बसतं, त्याने असं होतं. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली, थर निघाला, खालची पावडर नव्यासारखी. तेव्हापासून ब्रश दर रविवारी धुते.

स्टिकच्या बुडाशी उघड्या डबीचं चित्र आणि 12M लिहिलंय, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. ऑगस्टची तारीख मी कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवलीय. स्टिक निम्मी संपलीय, तीच शेड पुन्हा घेईन. पॅलेट घेणार नाही, कारण त्यातली मोतिया शेड अजून जशीच्या तशी आहे आणि तिचेही पैसे मी दिलेत. सोनेरी हायलाइटर सुटा मिळतो, पुढच्या नवरात्रीआधी तेवढाच आणेन, आणि भाचीसाठी तांबूस.