रिग्रेटेड राजीनामा कोणी ठरवायचा: खातेप्रमुखाने की आधीच्या यादीने?

गळतीचा दर काढायचा म्हणजे वर्षभरात गेलेल्यांना सरासरी पटाने भागायचं, हे एचआरमधल्या कोणाला सांगायला नको. अडतं ते पुढे. गेलेल्यांपैकी कोणाच्या जाण्याने खरंच नुकसान झालं आणि कोण गेलं ते बरंच झालं, हे ठरवायचं कोणी आणि कधी? याच्या दोन पद्धती रूढ आहेत. राजीनामा आल्यावर खातेप्रमुखाने फॉर्मवर रिग्रेटेड किंवा नॉन-रिग्रेटेड अशी खूण करायची, ही पहिली. वर्षाच्या सुरुवातीला, कोणी जाण्याआधीच, ज्यांचं जाणं परवडणार नाही त्यांची यादी करून ठेवायची आणि राजीनामा आला की नाव त्या यादीत आहे का एवढंच बघायचं, ही दुसरी. रत्नागिरीजवळच्या आमच्या आंबा पल्पच्या कारखान्यात एक वर्ष दोन्ही सोबत चालवून पाहिल्या, त्यावरून लिहितो आहे.

आधी पटाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे गणित तिथेच फसतं. हंगामात एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत सोलणी-पॅकिंगला जादा माणसं येतात. समजा कायम पट वर्षाच्या सुरुवातीला 118 आणि अखेरीला 122, म्हणजे सरासरी 120. वर्षात 18 जण गेले तर दर 15 टक्के. आता हंगामाच्या 180 जणांची मुदत जूनमध्ये संपली आणि पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरने त्यांनाही गेलेल्यांत धरलं, तर वर 198 आणि खाली तेच 120, कारण 31 मार्चच्या पटात ही माणसं नसतातच. दर निघतो 165 टक्के. मुंबईच्या ऑफिसात असा आकडा गेला की फोन येणारच. मुदत संपून जाणं ही गळती नव्हे. हंगामी माणसांचा हिशेब वेगळा ठेवावा आणि त्यांच्याबाबत एकच विचारावं: गेल्या हंगामातली किती जण यंदा परत आली?

उरलेल्या 18 पैकी 3 निवृत्त झाले, 3 जणांना कंपनीने काढलं, आणि 12 जणांनी स्वतः राजीनामा दिला. स्वेच्छेची गळती 10 टक्के. दोन पद्धतींचा खरा कस या 12 जणांवर लागतो.

खातेप्रमुखाच्या खुणेची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. माणूस रोज त्याच्या हाताखाली असतो. कोणाचं काम गेल्या चार महिन्यांत ढासळलं, कोणाचं घरच्या अडचणीमुळे लक्ष उडालं, हे एप्रिलच्या यादीला कळत नाही, त्याला कळतं. शिवाय पद्धत सोपी, एका खुणेचं काम. खातेप्रमुख मोकळ्या मनाचा असेल आणि त्या खुणेवर त्याचं स्वतःचं काही अवलंबून नसेल, तर ती चांगली चालत असावी.

आमच्याकडे मात्र एका गोष्टीने माझं मन तिच्यावरून उडालं. राजीनामा हातात पडला की माणसाची किंमत उतरते. बॉयलर अटेंडंटचंच घ्या. परवान्याचा माणूस, हंगामात रात्रपाळीलाही वाफेचा दाब कधी पडू दिला नाही. लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याला जास्त पगार मिळाला. खातेप्रमुखाने थांबवून पाहिलं, पगार वाढवायची तयारी दाखवली, तरी तो गेला. फॉर्मवर खूण आली नॉन-रिग्रेटेड, आणि शेरा: ‘स्वभाव हेकट, टीममध्ये जमत नव्हतं.’ त्याच फाइलमध्ये चार कागद मागे याच खातेप्रमुखाच्या सहीचं, याच माणसाला खास वेतनवाढ द्यावी असं शिफारसपत्र लावलेलं होतं. प्रमाणपत्र असलेल्या अटेंडंटशिवाय बॉयलर पेटवता येत नाही. बदली माणूस मिळेपर्यंत राहिलेल्या एकाच अटेंडंटवर ओव्हरटाइमचा बोजा पडला आणि दुसरी पाळी बंद ठेवावी लागली.

खातेप्रमुख खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. थांब म्हणूनही माणूस थांबला नाही याचा सल असतो, आणि मन स्वतःची समजूत काढतं. त्यात रिग्रेटेडचा आकडा त्याच्या अप्रेझलमध्ये धरला जात असेल तर विचारूच नका. हे ओळखायची खूण सोपी आहे: नॉन-रिग्रेटेड म्हटलेल्या माणसाची जागा लगेच भरायची मागणी आली का, आणि त्या जागेला आधीपेक्षा जास्त पगार द्यावा लागला का, ते बघा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर फॉर्मवरची खूण बाजूला ठेवावी.

आमच्या वर्षाचे आकडे सोयीसाठी थोडे गोल करून देतो. 12 पैकी खातेप्रमुखांनी 3 रिग्रेटेड धरले. 120 च्या पटावर अडीच टक्के, म्हणजे सगळं आलबेल. एप्रिलच्या यादीत 30 नावं होती आणि गेलेल्यांपैकी 7 जण त्यात होते. ते 7 पूर्ण पटावर धरले तर 5.8 टक्के, हेही फार वाटत नाही. पण यादीचा दर यादीवरच काढायचा असतो: 30 पैकी 7, म्हणजे 23 टक्के. उरलेल्या 90 जणांतून 5 गेले, साडेपाच टक्के. महत्त्वाची माणसं बाकीच्यांच्या चौपट वेगाने जात होती, आणि 10 टक्क्यांच्या एका आकड्यात ते दिसत नव्हतं. त्या 5 मधल्या दोघांच्या जागा आम्ही भरल्याच नाहीत, कोणाचं काही अडलं नाही. निरोगी गळती म्हणतात ती ही.

यादीलाही जपावं लागतं. मर्यादा घातली नाही तर प्रत्येक खातेप्रमुख आपली सगळी माणसं त्यात घालतो, म्हणून एकूण पटाच्या चौथ्या हिश्श्यावर नावं घेऊ नयेत. ‘हा गेला तर किती दिवस काम अडेल आणि बदली कुठून आणाल?’ याचं उत्तर नावापुढे लिहून घ्यावं; आवडीनिवडीची नावं तिथेच गळतात. यादी एचआरकडे बंद राहावी, नाहीतर नाव नसलेल्यांची मनं दुखावतात. ऑक्टोबरमध्ये ती एकदा ताजी करावी, पण नोटीस पिरियडमध्ये असलेल्याचं नाव त्या वेळी काढू देऊ नये. यादीनंतर नोकरीला लागून वर्षाच्या आत गेलेले कोणत्याच गटात बसत नाहीत. त्यांचा आकडा वेगळा मांडावा, कारण तिथे दोष बहुतेकदा भरतीत असतो.

आणखी एक अडचण दोन्ही पद्धतींना सारखीच आहे. 30 च्या यादीत एक माणूस गेला की दर तीन टक्क्यांहून जास्त हलतो. आमच्याकडे बोनस हातात पडला की पुढच्या महिन्यात राजीनामे येतात. त्या एका महिन्याला बाराने गुणून वर्षाचा दर सांगितला तर भलतंच चित्र उभं राहतं. मागच्या 12 महिन्यांची सरकती बेरीज धरावी.

तुमचा पट चाळीस-पन्नासचा असेल, मालक स्वतः सगळ्यांना ओळखत असतील, तर यादीचा खटाटोप कदाचित नको. गेलेल्यांची नावं समोर ठेवून बोललं तरी पुरे. पट शंभराच्या पुढे असेल आणि आकडा कोणाच्या तरी अप्रेझलला जोडलेला असेल, तर माझा कल यादीकडे आहे. खातेप्रमुखाची खूण फॉर्मवर राहू द्या, मी अजून घेतो. पण मीटिंगमध्ये यादीचा आकडा आधी मांडतो, आणि जिथे दोन्हींचं जमत नाही त्या माणसांच्या फाइली सोबत नेतो.