पॉवर वीडर ७ एचपी पेट्रोल: एक हंगाम वापरल्यानंतर, आणि वॉरंटी क्लेमचा अनुभव

उसाच्या सरीत आणि भाजीपाल्यात वापरतोय. ताकद चांगली आहे, पेट्रोल ठीकठाक खातं, त्याबद्दल तक्रार नाही. खरं लिहायचंय ते वॉरंटीबद्दल, कारण गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूने, जिथून ब्लेडचा शाफ्ट बाहेर येतो तिथल्या सीलमधून ऑइल गळायला लागलं आणि क्लेम टाकला.

कंपनीचं उत्तर आलं: "रिपेअर मंजूर करण्याआधी सिरीयल नंबर, वापराची नोंद आणि फोटो पाठवा." लोक इथेच चिडतात, टाळाटाळ चालली म्हणतात, पण मला यात टाळाटाळ वाटली नाही. नंबर दोन असतात, एक चॅसीच्या प्लेटवर आणि दुसरा इंजिनच्या बॉडीवर कोरलेला. बिलावर माझा फक्त चॅसी नंबर होता, म्हणून दोन्हीचे फोटो काढून पाठवले, चिखल पुसून, आकडे वाचता येतील असे.

वापराची नोंद म्हणजे तास. या मशीनला अवरमीटर येत नाही, त्यामुळे वहीत कुठलं रान, किती तास, ऑइल कधी बदललं एवढं लिहिलेलं होतं, पहिलं इंजिन ऑइल २० तासांनी बदलल्याची दुकानाची पावतीही होती, तेवढं चाललं.

फोटोत मात्र खरा निकाल लागतो. सील गळायची दोन कारणं जास्त दिसतात. सुतळी, गवत नाहीतर मल्चिंग पेपर शाफ्टला गुंडाळला जातो, आत सरकत सीलपर्यंत पोचतो आणि सीलची कडा कापतो, मग कंपनी म्हणते हा वापरातला दोष, आणि तसं दिसलं तर त्यांचं बरोबरच आहे. दुसरं, बेअरिंग खराब असेल तर शाफ्ट डुगडुगतो आणि सील घासून जातं, तिथे नुसतं नवीन सील टाकून काहीच होत नाही, परत गळतं. म्हणून मी ब्लेड काढून, न धुता, सीलजवळचा फोटो दिला आणि शाफ्ट हाताने वरखाली हलवून व्हिडिओ काढला. गुंडाळलेलं काही नव्हतं पण शाफ्ट स्पष्ट हलत होता. शेजारच्या दादांचा असाच क्लेम नाकारला, टोमॅटोच्या रानात चालवलेलं आणि सीलपाशी मल्चिंगचा गोळाच निघाला.

माझं बेअरिंग आणि सील दोन्ही वॉरंटीत बदलून दिलं, गिअर ऑइलचे पैसे माझ्याकडून घेतले. राग एकाच गोष्टीचा आहे, त्यांनी सगळं एकदम मागितलं नाही, नंबर, नोंद, फोटो पाठवून झाल्यावर परत मेसेज, "काढलेल्या ऑइलचा फोटो द्या". दुधाळ असलं तर आत पाणी गेलंय, चकचकीत कण असले तर बेअरिंग किंवा गिअर झिजतोय, हे बघायचंच होतं तर पहिल्याच मेसेजमध्ये सांगायला काय हरकत होती? भरणीच्या दिवसात मशीन उभं राहिलं. तुम्हाला क्लेम टाकायचा असेल तर हे सगळं एकदमच पाठवा, आणि फोटो काढेपर्यंत मशीनला पाइप लावू नका.