तारखेवर चिकटवलेली तारीख: जवळच्या मुदतीच्या मालाच्या सेलमध्ये गेलेले 2,270 रुपये

बाळाच्या सिरियलचे चार डबे प्रत्येकी 180 रुपयांप्रमाणे 720 रुपये, अक्रोडाची तीन पाकिटे प्रत्येकी 390 प्रमाणे 1,170 रुपये आणि चीज स्लाइसची चार पाकिटे प्रत्येकी 95 प्रमाणे 380 रुपये, असे एकूण 2,270 रुपये मी ऑक्टोबर 2025 मध्ये आमच्या भागातील एका हॉलमध्ये भरलेल्या ‘नियर एक्सपायरी सेल’मध्ये रोख मोजले. यातले खाण्यायोग्य काहीही निघाले नाही. रक्कम लहान आहे असे मला अनेकांनी सांगितले. परंतु त्या डब्यांतले पहिले चमचे माझ्या आठ महिन्यांच्या नातवाच्या पोटात गेले असते, त्यामुळे मला ती लहान वाटत नाही.

मुदत संपत आलेला माल स्वस्तात विकणे यात गैर काही नाही, आणि मी असा माल यापूर्वी डोळसपणे विकत घेतलेला आहे. बिस्किटे, पास्ता, पॅकबंद मसाले अशा कोरड्या वस्तूंना महिनाभराची मुदत उरली असेल आणि त्या महिन्यात त्या संपणार असतील, तर निम्म्या किमतीत घेण्यात शहाणपणच आहे. म्हणून ‘स्वस्त दिसले म्हणून धावलात’ हा आरोप मला मान्य नाही. फसवणूक स्वस्ताईत नव्हती, ती तारखेत होती.

विक्रेता ज्या वाक्यावर सगळा धंदा करत होता ते वाक्य असे होते: “काकू, बेस्ट बिफोर म्हणजे फक्त चव, त्या तारखेनंतरही माल चालतो.” हे अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच ते खपते. युरोपात ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची आणि ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख अशी विभागणी आहे. आपल्याकडे 2020 च्या लेबल नियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्सपायरी’ अथवा ‘यूज बाय’ बंधनकारक केली. ‘बेस्ट बिफोर’ ही फक्त जादाची, ऐच्छिक माहिती उरली. त्यामुळे आपल्या बाजारात बिस्किटाच्या पुड्यावरही ‘यूज बाय’ असते आणि पनीरवरही असते. धोका किती आहे हे लेबलावरच्या शब्दाने कळत नाही, ते पदार्थावरून ठरवावे लागते. पनीर, ताजे दूध, फ्रिजमधले मांस आणि तान्ह्या बाळाचे अन्न यांच्याबाबत तारखेनंतरचा एकही दिवस मोजू नये. बाधा करणारे काही जिवाणू फ्रिजमध्येही वाढतात आणि त्यांचा वास येत नाही, त्यामुळे हुंगून पाहण्याची आपली घरगुती परीक्षा इथे निरुपयोगी आहे. शिवाय तारीख उलटलेला माल विकण्याची मुभा विक्रेत्याला नाहीच; 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम 27 अशा विक्रीची जबाबदारी थेट त्याच्यावर टाकते.

आता तो क्षण, जो आठवला की आजही माझा संताप होतो. सिरियलचा डबा हातात असताना तारखेच्या जागी एक पांढरे स्टिकर होते आणि त्यावर ‘यूज बाय 03/2026’ असे स्वच्छ अक्षरांत छापलेले होते. त्याचा एक कोपरा माझ्या नखाला लागून किंचित उचलला गेला आणि खाली काळ्या ठिपक्यांची मूळ छपाई दिसली. मी विचारलेही. “इम्पोर्टरचं स्टिकर असतं ते, काकू,” असे तो म्हणाला, आणि मागे रांग खोळंबली होती. परदेशी मालावर आयातदाराचा पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहाराचे चिन्ह अशी स्टिकरे लावण्याची परवानगी असते हे मला ठाऊक होते, म्हणूनच मला ते पटले. ज्याला काहीच ठाऊक नाही तो कदाचित डबा परत ठेवून मोकळा झाला असता. परंतु ही परवानगी तारखेला लागू नाही. तारीख मूळ उत्पादकाच्याच छपाईत असावी लागते. आणि तो डबा तर भारतात बनलेला होता, हे त्याच्याच दुसऱ्या बाजूला लिहिलेले होते.

घरी डबा उघडला तेव्हा आतल्या चंदेरी पाकिटावर वेगळाच बॅच क्रमांक होता, आणि त्याखाली उत्पादन 06/2024 व मुदत बारा महिने असे होते. म्हणजे तो माल जून 2025 मध्येच बाद झालेला होता. डबा आणि आतले पाकीट यांवरचे बॅच क्रमांक जुळतात का, हे उघडल्याबरोबर पाहावे. स्टिकर असेल तर ते विक्रेत्यासमोरच सोलावे. त्याने हात धरला तर माल तिथेच ठेवावा.

अक्रोडाची लबाडी अधिक सफाईची होती, कारण तिथे खोटी तारीख नव्हतीच. पाकिटावर ‘पॅकिंग 09/2025, पॅकिंगपासून सहा महिन्यांत वापरावे’ असे होते. अक्रोड कधी फोडले आणि गोदामात किती काळ पडून होते याविषयी पॅकिंगची तारीख काहीही सांगत नाही. जुना माल आज नव्या पिशवीत भरला की कागदावर तो ताजा होतो. सुक्या मेव्यातले तेल हवेने आणि उष्णतेने खवट होते, आणि आमचे अक्रोड पहिल्याच घासाला कडवट, जुन्या रंगासारखा वास येणारे निघाले. पॅक करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि चौदा आकडी परवाना क्रमांक पाकिटावर नसेल तर तारीख कितीही ताजी असो, घेऊ नये. चीजची तारीख तर खरी होती, परंतु ते प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उघड्यावर रचलेले होते. लेबलावरची मुदत ही ‘4 अंशांखाली ठेवल्यास’ या अटीसह दिलेली असते. अट मोडली की ती तारीख रद्द झाली असे समजावे.

यानंतर जे झाले त्याचा राग विक्रेत्यापेक्षाही जास्त आहे. अन्नविषयक कार्यालयात गेले तर डबा उघडलेला असल्याने नमुना घेता येणार नाही असे सांगण्यात आले. नमुना अधिकाऱ्यानेच, चार भाग करून, विक्रीच्या जागेवरून घ्यायचा असतो. विक्रीची जागा तोवर रिकामी झाली होती. स्टिकरचा विषय वजनमापांच्या कार्यालयाचा आहे असे तिथून कळले, आणि त्या कार्यालयाने तो परत अन्नाचा विषय ठरवला. हेल्पलाइनने तक्रार नोंदवली आणि ‘विक्रेत्याचा पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यासह बंद केली. पोलीस ठाण्यात “मावशी, बाळाला काही झालं का?” असे विचारून, काही झाले नाही म्हटल्यावर, विषय संपवण्यात आला. बाळाला काही व्हायची वाट पाहायची होती काय? ग्राहकाला स्वतः पैसे भरून पदार्थ तपासून घेण्याचा हक्क कलम 40 देते, पण तसा हेतू खरेदी करतानाच विक्रेत्याला कळवलेला असावा अशी अट त्यातच आहे. फसवणाऱ्याला आधी सांगून मग त्याचा माल तपासायचा, असा हा हक्क आहे.

म्हणून असा माल घेतलाच तर परवाना क्रमांक असलेले छापील बिल मागावे. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी होती आणि तिथेच तक्रारीचे कंबरडे मोडले. संशय आला तर एकही पाकीट फोडू नये, सीलबंद माल, तारखेचे जवळून काढलेले छायाचित्र आणि दुकानाच्या पाटीचे छायाचित्र घेऊन सेल चालू असतानाच तक्रार करावी, म्हणजे अधिकाऱ्याला जागेवरून नमुना घेणे टाळता येणार नाही. माझे उरलेले तीन डबे सीलबंद आहेत आणि लेखी तक्रारीची पोचही माझ्याजवळ आहे. आता ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी त्या हॉलचे भाडे कोणी भरले होते याची माहिती मी हॉलच्या व्यवस्थापनाकडे लेखी मागितली आहे.