आठ महिने कंपनीच्या तिमाही निकालाची मूळ पीडीएफ वाचतोय, त्याचा अनुभव

चोपड्यात माझं ठिबक आणि पीव्हीसी पाइपचं दुकान आहे. ज्या कंपनीचा माल विकतो तिचेच थोडे शेअर घेतलेत. गेल्या ऑगस्टपर्यंत कंपनीचा निकाल म्हणजे माझ्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक ओळ होती. त्या महिन्यात ओळ आली, ‘नफा 18 कोटींवरून 50 कोटींवर!’ मी आणखी शेअर घ्यायला निघालो होतो. पुण्यात सीएच्या ऑफिसात काम करणारा भाचा म्हणाला, “मामा, आधी मूळ कागद उघडा.” तेव्हापासून तीन तिमाह्यांचे निकाल मूळ कागदावरूनच वाचले.

कागद मिळवायला पैसे लागत नाहीत. bseindia.com वर कंपनीचं नाव टाकायचं, तिच्या पानावर Corp Announcements उघडायचं आणि Outcome of Board Meeting नावाची पीडीएफ घ्यायची. तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल द्यावाच लागतो. फक्त मार्चच्या निकालाला 60 दिवस मिळतात, कारण तो वर्षभराच्या ऑडिटसकट येतो. पहिली काही पानं पत्रं आणि ऑडिटरच्या अहवालाची असतात, खरा तक्ता त्यांच्यामागे असतो. बरेचदा पानं स्कॅन केलेली असल्यामुळे शब्द शोधता येत नाही, बोट ठेवूनच वाचावं लागतं.

आकडे बघण्याआधी तक्त्याच्या डोक्यावरच्या दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे आकडे लाखांत आहेत, कोटींत की मिलियनमध्ये. 10 मिलियन म्हणजे 1 कोटी. दुसरं, वर Standalone लिहिलंय की Consolidated. पहिल्यात एकटी मूळ कंपनी असते, दुसऱ्यात तिच्या उपकंपन्याही धरलेल्या असतात. मी दुसरा तक्ता धरतो आणि दर वेळी तोच धरतो. पहिल्या महिन्यात मी एका तक्त्यातली विक्री आणि दुसऱ्यातला नफा जोडून बसलो होतो, हिशोब काही केल्या लागेना.

आता त्या 50 कोटींचं सांगतो. कंपनीचं नाव देत नाही आणि समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केलेत. पहिली ओळ Revenue from operations, म्हणजे धंद्यातली विक्री, जीएसटी सोडून. ती जून तिमाहीत 412 कोटी होती, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत 405. खाली Other income, म्हणजे ठेवींवरचं व्याज वगैरे, 6 कोटी. एकूण 418. त्यातून कच्चा माल, पगार, कर्जाचं व्याज, घसारा आणि बाकीचा खर्च मिळून 396 गेले. उरले 22 कोटी. आदल्या वर्षी याच जागी 24 होते. म्हणजे धंद्यातली कमाई घटली होती!

मग 50 आले कुठून? पुढच्याच ओळीत Exceptional items, म्हणजे विशेष बाबींसमोर 38 कोटी होते आणि टीप क्रमांक दिला होता. तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपेत लिहिलं होतं की जुन्या कारखान्याची जमीन विकली. 22 आणि 38 मिळून 60, त्यातून कर 10, निव्वळ नफा 50. जमीन बाजूला काढून 22 कोटींवर 25 टक्के कर धरला, तर साडेसोळा कोटी उरतात, म्हणजे आदल्या वर्षीच्या 18 पेक्षा कमी. कंपनीने काहीही लपवलं नव्हतं, सगळं कागदावर होतं. शेताचा तुकडा विकून आलेला पैसा कोणी कापसाच्या उत्पन्नात धरत नाही, पण त्या एका ओळीत नेमकं तेच झालं होतं. तेव्हापासून माझं बोट आधी Profit before exceptional items and tax या, म्हणजे त्या 22 कोटींच्या ओळीवर जातं आणि निव्वळ नफा मी सगळ्यात शेवटी बघतो.

नोव्हेंबरात दुसरा मेसेज आला, ‘विक्री 25 टक्क्यांनी कोसळली’. कागदावर सप्टेंबर तिमाहीची विक्री 310 कोटी होती, जूनच्या 412 वरून. पण जुलै ते सप्टेंबर माझ्या दुकानातही गिऱ्हाईक कमीच असतं. पूर्वहंगामी कापसाचं ठिबक मे-जूनपर्यंत उचललेलं असतं, मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लागणाऱ्या केळीचंही तोवर बहुतेक झालेलं असतं आणि कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लागणाऱ्या केळीची खरेदी पुढे येते. तक्त्यात म्हणूनच आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा रकाना दिलेला असतो. तिथे 296 होते. म्हणजे विक्री जवळजवळ 5 टक्के वाढली होती. हंगामी धंद्याची तुलना त्याच हंगामाशी करायची, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. मोबाइलवर टक्का दिसला की मात्र आपण ते विसरतो.

आता या कागदाचं कुठे अडतं ते सांगतो, कारण दुकानदार म्हणून ती बाजू मला रोज दिसते. कंपनीने माल माझ्या गोडाऊनला उतरवला, बिल फाडलं की तिच्या हिशोबात विक्री झाली. शेतकऱ्याने तो पाइप नेला का, मी पैसे दिले का, हे त्या आकड्यात नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपन्यांची माणसं स्कीम घेऊन येतात, तीन महिन्यांचा माल एकदम टाकतात आणि पैसे सवडीने द्या म्हणतात. माझं गोडाऊन भरतं आणि त्यांची मार्च तिमाही फुगते. शेतकऱ्याकडून मला पैसे यायचे ते कापूस विकल्यावर, दिवाळीच्या पुढे.

हे पकडायला ताळेबंद लागतो आणि तो जून व डिसेंबरच्या निकालात देणं बंधनकारक नाही. सप्टेंबर आणि मार्चच्या निकालात तो असतो, रोख प्रवाहाच्या तक्त्यासह. त्यात Trade receivables म्हणजे बाजारात अडकलेली उधारी. सप्टेंबरअखेर ती 335 कोटी होती. ताळेबंदात शेजारी मार्चअखेरचा आकडा असतो, आदल्या सप्टेंबरचा नसतो. तो काढायला आदल्या नोव्हेंबरची पीडीएफ उघडली. तिथे 260 होते. विक्री 5 टक्के वाढली आणि उधारी जवळजवळ 29 टक्के. दोन दिवस तो आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण त्या 75 कोटींत माझ्यासारख्या किती दुकानांचा न खपलेला माल असेल याचा मला अंदाज येतो. मी आणखी शेअर घेतले नाहीत. होते ते ठेवलेत.

फेब्रुवारीत डिसेंबरचा निकाल आला. विशेष बाब नव्हती, कमाई थोडी सुधारली होती. उधारीचं काय झालं ते त्यात नव्हतंच.

मार्चचा निकाल 30 मेपर्यंत येईल. त्यातला जानेवारी ते मार्चचा रकाना वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यातून आधीच्या नऊ महिन्यांचे जाहीर आकडे वजा करून काढलेला असतो आणि तसं टिपेत लिहिलेलंही असतं. त्यामुळे आधीच्या तिमाह्यांतली दुरुस्तीही त्याच रकान्यात येऊन पडू शकते. या वेळी विक्रीच्या ओळीआधी मी Trade receivables बघणार आहे. गेल्या मार्चचा आकडा वहीत लिहून ठेवलाय, 240 कोटी.